आठशे रुपये कुठे गेले?

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून मी रुजू झाले, तेव्हा पाहुण्या व्याख्यात्यांना पाठवायची पत्रं माझ्याकडे आली. निमंत्रण, आभार आणि मानधन जमा केल्याचं पत्र, अशी तीन. पहिली दोन कोणालाही जमतात. तिसऱ्यात मी कशी आपटले ते सांगते, कारण नव्याने या टेबलावर बसणारे बहुतेकजण तिथेच आपटतात.

पुण्याच्या एक निवृत्त प्राध्यापिका आमच्याकडे २०२५ च्या जानेवारीत ८, ९ आणि १० तारखेला आल्या होत्या. रोज दोन अशी सहा व्याख्यानं झाली. दर व्याख्यानाला ४,००० रुपये ठरलेले, म्हणजे एकूण २४,०००. कार्यक्रम संपल्यावर मी फाईलमधला जुना नमुना काढला, नाव आणि तारीख बदलली आणि पत्र पाठवून दिलं. ते असं होतं:

"महोदया, आपणांस कळविण्यात येते की, आपल्या व्याख्यानांच्या मानधनाची रक्कम नियमानुसार कपात करून लवकरच आपल्या खात्यावर वर्ग करण्यात येईल. तरी याची नोंद घेऊन सहकार्य करावे, ही विनंती."

तेव्हा मला यात काहीही वावगं वाटलं नाही. किंबहुना भारदस्तच वाटलं.

२८ जानेवारीला मॅडमचा फोन आला. आवाज शांत, पण तुटक. "तुमचे पैसे मिळाले. २०,८०० आलेत. दहा टक्के टीडीएस धरला तर २१,६०० यायला हवे होते. आठशे रुपये कशाचे कापले? राहण्याचे का? तसं असेल तर आधी सांगायचं ना, मी हॉटेलात उतरले असते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २४,००० चे दहा टक्के २,४००, हा हिशोब मलाही तोंडपाठ होता. मी "बघून सांगते, मॅडम" म्हटलं आणि लेखापाल काकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. काकांनी मान वर न करता विचारलं, "ऑगस्टमध्ये त्या आल्या होत्या की नाही?"

आल्या होत्या. दोन व्याख्यानं, ८,००० रुपये, आणि तेव्हा एक पैसाही कापला नव्हता. सगळी मेख तिथे होती. आमचं महाविद्यालय तेव्हा व्याख्यात्यांच्या मानधनावर आयकर कायद्याच्या कलम १९४जे खाली दहा टक्के कर कापायचं. पण एका आर्थिक वर्षात एकाच व्यक्तीला दिलेली एकूण रक्कम ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर कर कापावा लागत नाही. २०२४-२५ साली ती मर्यादा ३०,००० होती. ऑगस्टचे ८,००० मर्यादेच्या आत, म्हणून कपात नाही. जानेवारीचे २४,००० मिळवले की एकूण ३२,००० होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. ती ओलांडली की कर फक्त वरच्या २,००० वर लागत नाही, फक्त नव्या २४,००० वरही लागत नाही. तो पूर्ण ३२,००० वर लागतो. दहा टक्के म्हणजे ३,२००. ऑगस्टचे पैसे तर केव्हाच देऊन झालेले, त्यामुळे त्यांच्यावरचा ८०० रुपये करही जानेवारीच्या रकमेतूनच कापला गेला. मॅडमचे आठशे ते हेच.

हिशोब बरोबर होता, पत्र चुकलं होतं. "नियमानुसार कपात करून" या तीन शब्दांत हे सगळं दडपून टाकलं होतं, आणि दडपलेल्या जागी माणूस स्वतःचा अंदाज भरतो. मॅडमनी खोलीभाडं भरलं. तो अंदाज मला झोंबला, कारण आमचं अतिथीगृह आहेच तसं.

काका म्हणाले, "पत्र परत लिही. आकडे तेच, पण वाचणाऱ्याच्या पासबुकाशी जुळले पाहिजेत." मी दुपारभर लिहीत बसले. पहिल्या खर्ड्यात मी कलमांचा पाऊस पाडला, तो काकांनी परत केला. दुसऱ्यात २४,००० वजा ३,२०० एवढंच मांडलं होतं, म्हणजे मॅडमचा प्रश्न तिथेच राहिला.

तारखेवर सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून ते जरा सविस्तर. फोनवर मी आधी मॅडमना "पंचवीसपर्यंत होईल" असं सांगून बसले होते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत आमच्या कार्यालयात अर्धी माणसं जागेवर नसतात, त्यामुळे बिलावर प्राचार्यांची सही व्हायलाच २३ तारीख उजाडली. आमच्याकडे पैसे ऑनलाइन कोणी पाठवत नाही. धनादेश आणि सोबत नावांची यादी बँकेच्या शाखेत दिली जाते, मग शाखा एनईएफटी करते. एनईएफटी सुट्टीच्या दिवशीही चालतं, पण यादी हाताळणारी शाखा उघडी असायला हवी ना! यादी शुक्रवारी २४ ला दुपारी गेली. २५ ला चौथा शनिवार, बँक बंद. २६ ला रविवार. पैसे सोमवारी २७ ला गेले.

आमच्या नोंदवहीत मात्र तारीख २४ ची, कारण धनादेश त्या दिवशी लिहिला. मी नव्या पत्रात २४ च लिहिली होती. काकांनी विचारलं, "मॅडमच्या पासबुकात २४ ला काय दिसेल?" काहीच नाही. म्हणजे आणखी एक फोन. तेव्हापासून मी तारीख नोंदवहीतून घेत नाही. बँकेचं स्टेटमेंट येईपर्यंत थांबते आणि त्यातली तारीख आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेने दिलेला क्रमांक, उतरवून घेते. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो. तो पत्रात असला की पैसे न दिसल्यास समोरचा माणूस थेट आपल्या बँकेत विचारू शकतो, आपल्याला मध्ये पडावं लागत नाही. आणि पैसे गेल्याशिवाय "जमा केले आहे" लिहायचं नाही. आधी पत्र पाठवायची घाई असेल तर "यादी अमुक तारखेला बँकेत दिली आहे" एवढंच लिहावं, कारण तेवढंच खरं असतं.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं:

"विषय : जानेवारी २०२५ मधील व्याख्यानांचे मानधन जमा केल्याबाबत

आदरणीय मॅडम,

दि. ८ ते १० जानेवारी २०२५ रोजी आपण घेतलेल्या सहा व्याख्यानांचे मानधन दि. २७ जानेवारी २०२५ रोजी आपल्या बँक खात्यात एनईएफटीने जमा केले आहे. खात्याचे शेवटचे चार अंक व यूटीआर क्रमांक खाली दिले आहेत.

मानधन : रु. २४,०००
कापलेला कर (टीडीएस) : रु. ३,२००
खात्यात जमा : रु. २०,८००

कर २४,००० च्या दहा टक्क्यांपेक्षा ८०० रुपयांनी जास्त दिसतो, त्याचे कारण असे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपणांस दिलेल्या ८,००० रुपयांवर त्या वेळी कर कापला नव्हता. आता या आर्थिक वर्षातील आपले एकूण मानधन ३२,००० झाले असून ते ३०,००० च्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. त्यामुळे पूर्ण ३२,००० वर दहा टक्के, म्हणजे ३,२०० रुपये कर या वेळी कापावा लागला. निवास व प्रवासखर्चापोटी कोणतीही रक्कम कापलेली नाही.

हा कर आपल्या पॅनवर दि. ७ फेब्रुवारीपर्यंत सरकारकडे भरला जाईल. मात्र जानेवारी ते मार्च या तिमाहीचे विवरणपत्र ३१ मे पर्यंत दाखल होत असल्याने त्याची नोंद आपल्या फॉर्म २६एएसमध्ये त्यानंतरच दिसेल. कर कापल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए, आम्ही १५ जूनपर्यंत ईमेलने पाठवू.

ही माहिती पहिल्याच पत्रात द्यायला हवी होती. आपणांस त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत."

शेवटचा परिच्छेद प्राचार्यांना फारसा रुचला नाही. काकांनी तो राहू दिला.

२६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणारा उतारा, त्याबद्दलची दोन वाक्यं मी मुद्दाम घातली. त्याआधीच्या मार्चमध्ये एका दुसऱ्या व्याख्यात्यांनी "कर कापलात पण भरलाच नाहीत" असा ठपका ठेवला होता. प्रत्यक्षात चलन वेळेवर भरलं होतं. चलन भरलं म्हणून समोरच्याच्या नावावर नोंद दिसत नाही. आपण तिमाही विवरणपत्रात कोणत्या पॅनसाठी किती कर, हे कळवतो आणि ते स्वीकारलं गेलं की मगच नोंद उमटते. एप्रिल-मे उलटूनही, म्हणजे विवरणपत्र जाऊनही दिसली नाही, तर मात्र पॅन टंकताना चुकल्याची शंका घ्यावी. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार अंक आणि शेवटी एक अक्षर असतं. 'ओ' आणि शून्य यांची अदलाबदल मी स्वतः केली आहे. निमंत्रण पाठवतानाच पॅनकार्डाची प्रत मागवून ठेवावी, कारण पॅन नसेल तर दहाऐवजी वीस टक्के कापावे लागतात आणि मग पत्र कितीही गोड लिहा, फोन येतोच. पत्रात मात्र पूर्ण पॅन किंवा पूर्ण खाते क्रमांक लिहू नये.

मॅडमनी पत्र मिळाल्यावर पुन्हा फोन केला. या वेळी आवाज मोकळा होता. "आता कळलं. पण मी ज्येष्ठ नागरिक आहे, पुढच्या वेळी १५एच देऊ का?" हाही नेहमीचा प्रश्न. कर कापू नका असं सांगणारा तो फॉर्म बँकेच्या व्याजावर चालायचा, म्हणून सगळ्यांना वाटायचं तो सगळीकडे चालेल. कलम १९४जे खालच्या मानधनाला तो चालत नव्हता. ज्यांचा कर खरोखर कमी बसतो, त्यांनी आयकर विभागाकडून कमी दराचं प्रमाणपत्र आणावं, नाहीतर स्वतःचं आयकर विवरणपत्र भरून परतावा घ्यावा. एक गोष्ट मी त्यांना सांगितली: विवरणपत्रात उत्पन्न म्हणून ३२,००० दाखवायचे, खात्यात आलेली निव्वळ रक्कम नव्हे. तीच दाखवली तर कापलेल्या ३,२०० चा हिशोब जुळत नाही.

आता हे पत्र तुम्ही नमुना म्हणून घेणार असाल, तर आकड्यांना हात लावण्याआधी थांबा. १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ३०,००० वरून ५०,००० झाली. हेच ३२,००० पुढच्या वर्षी दिले असते, तर एक रुपयाही कापला नसता आणि हे सगळं रामायण घडलंच नसतं. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांकही बदललेत. आमच्या फाईलमधल्या प्रतीवर काकांनी ३०,००० ला लाल गोल केलाय आणि समासात लिहिलंय, "आधी मला विचार."