एका ओळीच्या नोकरीचा पूर्ण जेडी, म्हणजे कामाचा लेखी तपशील, कसा मागवला

रिक्रूटरचा व्हॉट्सअ‍ॅप आला, "अ‍ॅग्रोनॉमिस्ट, जळगाव, पगार चांगला, इंटरेस्टेड?" बस, एवढंच. मी बीएस्सी अ‍ॅग्री, रावेरकडचा, केळीचं काम असेल म्हणून लगेच हो म्हणणार होतो, पण मागच्या वेळी असंच फोनवर ऐकून गेलो आणि भलतंच निघालं होतं. फोन केला तर म्हणे "डिटेल्स इंटरव्ह्यूत सांगतील". मग मेल टाकला:

"सर, पोझिशनमध्ये रस आहे. कंपनीचा पूर्ण जेडी मेलवर पाठवाल का? रोजचं काम, एरिया, टार्गेट आहे का, फिक्स आणि इन्सेंटिव्ह वेगळे किती, आणि पेरोल कंपनीचा की एजन्सीचा, एवढं कळलं की इंटरव्ह्यूची वेळ कळवतो."

दोन दिवस काहीच नाही. (नाव सांगितलं तर कॅंडिडेट डायरेक्ट जाईल ही त्यांना भीती असते, म्हणून परत लिहिलं की कंपनीचं नाव झाकून पाठवा, चालेल.) संध्याकाळी पीडीएफ आली. जळगाव फक्त ऑफिस, फिरायचं धुळे-नंदुरबार, स्वतःची बाईक, डीलरकडून वसुली, पेरोल एजन्सीचा. अ‍ॅग्रोनॉमीची एकच ओळ, बाकी सगळं सेल्स! पेट्रोलचं काहीच लिहिलेलं नव्हतं, ते विचारलं तर म्हणे इन्सेंटिव्हमध्येच धरा. मी "नाही" म्हणून कळवून टाकलं.