वाचताना अडखळणाऱ्या पोरांसाठी इतिहासाचा प्रश्न कसा लिहायचा

आठवी-नववीच्या वर्गात दोन-चार पोरं असतातच ज्यांना तोंडी विचारलं की भराभर सांगतात आणि पेपर हातात दिला की गप्प. काहींना डिस्लेक्सिया असतो, काहींचं वाचन तिसरी-चौथीतच अडकलेलं असतं, आणि आपल्याकडे यावल-चोपड्यापासून वर सातपुड्यापर्यंत अशीही पोरं आहेत ज्यांच्या घरी अहिराणी किंवा पावरी बोलतात, पुस्तकी मराठी त्यांना शाळेतच भेटते. यांच्यासाठी सोपा पेपर काढा म्हटलं की आपण काय करतो, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. वाचायचं कमी झालं खरं, पण सोबत विचार पण गेला, तिथे फक्त पाठांतर उरलं.

एकच प्रश्न घेऊन बघू, कापसाचा, कारण तो आपल्या पोरांना घरचा आहे. नेहमीच्या पेपरात तो असा येतो:

"अमेरिकेतील यादवी युद्धाच्या पार्श्वभूमीवर खानदेशातील कापूस उत्पादनावर झालेल्या परिणामांचे विवेचन करून शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीवरील त्याचे दूरगामी परिणाम स्पष्ट करा."

आधी बघा अडचण कुठे आहे. लिहायला बसण्याआधी हाच प्रश्न त्या पोराला वाचून दाखवा आणि तोंडी उत्तर घ्या, अहिराणीत दिलं तरी चालेल. वाचून दाखवल्यावर जमलं तर अडचण वाचनाची आहे, मग प्रश्न बदला. अर्धवट जमलं तर "विवेचन म्हणजे काय सर" असं काहीतरी येईल, ती पेपरी भाषेची अडचण. आणि साध्या भाषेत विचारूनही काहीच येत नसेल तर धडाच समजलेला नाही, तिथे प्रश्न कितीही सोपा लिहा उपयोग नाही, परत शिकवावं लागेल.

मग शब्द दोन ढिगांत टाका. यादवी युद्ध, गिरणी, बंदर, सावकार हे इतिहासाचे शब्द, हे ठेवायचे, कठीण वाटला तर शेजारी एका ओळीत अर्थ द्यायचा (यादवी युद्ध: एकाच देशातल्या लोकांचं आपसातलं युद्ध). पार्श्वभूमी, विवेचन, दूरगामी हे पेपर काढणाऱ्याचे शब्द, ते काढले तर इतिहासाचं काही बिघडत नाही. जोडाक्षरांवर पण नजर टाका, या पोरांची गाडी तिथेच अडते, त्यामुळे "आर्थिक स्थिती" ऐवजी "पैशाची हालत" लिहिलं तर कोणी मास्तर रागावेल तर रागावू दे.

वाक्य तोडा, पण जोडणारे शब्द गाळू नका. मराठीत सगळा भार नामाच्या आधी लादायची सवय आहे, "अमुक झालेल्या तमुक करणाऱ्या" असं, आणि ते वाचताना शेवटपर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. ते मोकळं करा. मात्र वाक्यं लहान करायच्या नादात "म्हणून", "तरी", "पण" उडवले जातात, आणि मग तीन सुटी वाक्यं राहतात ज्यांचा एकमेकांशी संबंध काय ते पोरालाच शोधावं लागतं, म्हणजे वाचन उलट अवघड होतं.

आता नवा प्रश्न. आधी छोटा उतारा:

अमेरिकेच्या दक्षिण भागात खूप कापूस पिकायचा. तो जहाजाने इंग्लंडच्या गिरण्यांना जायचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली. त्या काळी खानदेशातही कापूस पिकत होता आणि मुंबईमार्गे बाहेर जात होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं.

१. युद्ध अमेरिकेत होतं. तरी मुंबईत कापसाचा भाव वाढला. हे कसं झालं? मधल्या पायऱ्या क्रमाने सांगा.

२. समजा, १८६४ मध्ये खानदेशातल्या एका शेतकऱ्याने सावकाराकडून कर्ज काढलं आणि ज्वारीच्या जागी कापूस लावला. दोन वर्षांनी त्याचं काय झालं असेल? कारण द्या.

३. या युद्धाने खानदेशच्या शेतकऱ्याचा फायदा झाला की तोटा? तुमचं मत सांगा. एक कारण तुमच्या बाजूचं द्या, एक विरुद्ध बाजूचं.

उताऱ्यात काय नाही ते बघा. गिरण्यांना कापूस कमी पडला हे लिहिलेलं नाही, मग त्यांनी हिंदुस्थानातून मागवला हे नाही, युद्ध संपल्यावर भाव पडले हे पण नाही. ही जोडणी पोराने करायची आहे. सोपं लिहिताना सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, आपण प्रेमापोटी "कापूस मिळेना म्हणून भाव वाढला" असं लिहून टाकतो आणि खाली विचारतो भाव का वाढला. तपासायची युक्ती अशी की उताऱ्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं उचलून उत्तर होतंय का बघा, होत असेल तर ते वाक्य काढा.

दुसरी मर्यादाही आहे. एक प्रश्न तीनात तोडला की विचाराचा क्रम आपणच लावून देतो, मूळ प्रश्नात तो पोराला लावावा लागत होता. म्हणून तिसरा प्रश्न मोकळाच ठेवायचा, त्याला परत अ, ब, क पाडायचं नाही. त्याचं उत्तर एक नाही. भाव होता तेव्हा पैसा आला असं कोणी म्हणेल, कर्जाने बुडाला असं कोणी म्हणेल, आणि एखादं पोरगं विचारेल की पैसा शेतकऱ्याला मिळाला का मधल्या व्यापाऱ्याला. ज्यांच्या घरी दरवर्षी वेचणी संपली की भाव बघत कापूस घरात भरून ठेवतात त्यांना हा प्रश्न सुचतोच.

मार्क आधी ठरवा. पहिल्याला तीन मार्क असतील तर बंदरं अडली, गिरण्यांना तुटवडा, मागणी इकडे वळली, अशा तीन कड्यांना एकेक. शुद्धलेखनाचा मार्क कापायचा नाही. आणि मूळ प्रश्नाचं उत्तर लिहिणाऱ्या हुशार पोराला जे मुद्दे लिहिल्यावर पूर्ण मार्क मिळतात तेच मुद्दे इथेही हवेत, कमी मागितले तर विचार खाली आला समजा.

कागदाचं पण बघा. अक्षर मोठं, १४-१६ पॉइंट, ओळींत मोकळी जागा, कारण आपल्या लिपीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार, ओळी जवळ आल्या की ते एकमेकांत घुसतात. महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारू नका, रेघेत उकार गायब होतो आणि "कु" चा "क" वाचला जातो, त्यापेक्षा ठळक करा. उतारा आणि प्रश्न एकाच पानावर हवेत. "कोणते विधान असत्य नाही" असले उलटसुलट प्रश्न तर कोणालाच देऊ नका.

बोर्डाचा पेपर आपल्या हातात नाही, तिथे "मीमांसा करा" येणारच. त्यासाठी वर्षभर दर आठवड्याला एक जुना प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि पोरांनाच सांगायचं, याला आपल्या भाषेत लिहा. नववीच्या दिवाळीनंतर सुरू केलं तर दहावीच्या सराव परीक्षेपर्यंत "मीमांसा" दिसली की पोरं "का झालं ते सांगायचंय" असं पेन्सिलने बाजूला लिहून मग उत्तराला लागतात.