उधारीच्या यादीला ग्राहकागणिक पट्टे: छपाईआधीची तयारी

मशीद बंदरच्या पेढीतून वसुलीला निघणारा माणूस लोकलच्या गर्दीत यादी उलगडतो, तेव्हा एका ग्राहकाची बिलं कुठे संपली हे त्याला रंगावरूनच कळायला हवं. एक्सेलचे तयार पट्टे इथे कामाचे नाहीत, कारण ते एकाआड एक ओळ रंगवतात. आपल्याला नाव बदललं की रंग बदलायला हवा.

यादी ग्राहकाच्या नावाने सॉर्ट करायची आहे, पण मर्ज केलेल्या सेलवर सॉर्ट अडतं. म्हणून नावाचे सेल मर्ज केले असतील तर आधी ते सोडवून प्रत्येक ओळीत नाव भरा आणि मग सॉर्ट करा, कारण मर्ज केलेल्या सेलमध्ये नाव फक्त वरच्या ओळीत असतं, खालच्या रिकाम्याच.

मग नावांची साफसफाई. बिलाच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या नावांमागे बऱ्याचदा स्पेस चिकटून येते. डोळ्याला दोन्ही ‘कदम’ सारखेच, एक्सेलला मात्र वेगळे, आणि एकाच ग्राहकाचे दोन तुकडे पडतात. शंका आली तर `=LEN(B4)` लावून अक्षरं मोजा. `TRIM` लावूनही आकडा उतरला नाही तर ती स्पेस वेगळ्या जातीची आहे. मग हे सूत्र एखाद्या रिकाम्या कॉलममध्ये लावा आणि आलेली नावं B मध्ये व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "))
```

आता मदतीचा कॉलम. नावं B मध्ये, मथळा पहिल्या ओळीत, F रिकामा, असं धरून F2 मध्ये हे लिहा आणि शेवटपर्यंत ओढा:

```
=IF(B2=B1,N(F1),1-N(F1))
```

नाव वरच्यासारखंच असेल तर वरचाच आकडा, नाहीतर उलटा. `N` मुळे F1 मधला मथळा शून्य धरला जातो. कदमच्या तीन ओळी, गावडेची एक, नाईकच्या दोन असतील तर 1, 1, 1, 0, 1, 1 असं दिसेल. दिसलं की A2 पासून E च्या शेवटच्या ओळीपर्यंत निवडा. सुरुवात A2 वरूनच करा, नाहीतर रंग एखादी ओळ सरकून बसतो. Conditional Formatting मध्ये New Rule, त्यात सूत्राचा पर्याय, आणि:

```
=$F2=1
```

F आधीचं डॉलर चिन्ह विसरलात तर अख्खी ओळ रंगणार नाही. रंग अगदी फिकट घ्या. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर गडद हिरव्याचा काळपट राखाडी होतो आणि त्यावरची रक्कम वाचवत नाही. F कॉलम छपाईआधी लपवा, नियम चालूच राहतो.

फिल्टर लावून छापायचं असेल तर जरा थांबा. गावडे लपला की कदम आणि नाईक एकाच रंगात शेजारी येतात. त्यापेक्षा हवी ती नावं वेगळ्या शीटवर काढून तिथेच हा कॉलम भरावा. आणि शेवटच्या क्षणी कोणी चुकती झालेली ओळ डिलीट केली, तर तिच्याखालच्या सगळ्या F मध्ये `#REF!` येऊन तिथून पुढचा रंगच उडतो. F2 चं सूत्र पुन्हा खालपर्यंत ओढा, मग प्रिंट द्या.