‘काही चुकलं असेल तर’ : उशिरा आलेल्या माफीला उत्तर कसं द्यावं

बाबांच्या वर्षश्राद्धाला, जेवणं चालू असताना, माझा दादा आत्या आणि काकांसमोर म्हणाला, “आईच्या पेन्शनवर हिचं घर चालतंय.” आई माझ्याकडे राहते. तिचं कुटुंब निवृत्तिवेतन तिच्याच खात्यात जमा होतं आणि औषधं सोडली तर त्यातलं फारसं काही निघत नाही. मी तेव्हा गप्प राहिले. चौदा महिन्यांनी, संक्रांतीला, दादाचा मेसेज आला:

“काही चुकलं असेल तर माफ कर. तूपण जरा जास्तच मनाला लावून घेतेस. तिळगूळ घ्या, गोड बोला.”

अशा मेसेजला तीन उत्तरं पटकन सुचतात. हात जोडल्याचं चित्र पाठवणं, “जाऊ दे, असू दे” म्हणणं किंवा चौदा महिन्यांचा हिशेब एका दमात लिहून काढणं. मी तिन्ही मनातल्या मनात लिहिली. शेवटी जे पाठवलं ते कसं तयार झालं, ते टप्प्याटप्प्याने सांगते.

आधी फक्त पोच द्या

त्याच दिवशी पूर्ण उत्तर देऊ नका. पण निळ्या खुणा दिसूनही आठवडाभर शांतता राहिली तर समोरचा तिचा अर्थ आपल्या सोयीने लावतो. मी एवढंच लिहिलं: “दादा, मेसेज वाचला. रविवारपर्यंत नीट उत्तर देते.” वार सांगितला की दोघांनाही उसंत मिळते, आणि आपल्यालाही टाळाटाळ करता येत नाही.

मग माफी चाळून घ्या

मेसेज कागदावर उतरवा आणि त्यात नक्की काय कबूल केलंय ते शोधा. मराठीत कर्त्याला लपायला भरपूर जागा आहे. “बोललं गेलं”, “तोंडातून निघून गेलं”, “चुकलं-माकलं” या सगळ्यांत चूक घडते, पण ती करणारा कुणीच नसतो. “मी बोललो, ते खोटं होतं” या वाक्यात मात्र माणूस उभा असतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली माफीचे सहा घटक तपासले. ऐकणाऱ्यांच्या लेखी सर्वांत वजनदार ठरली ती जबाबदारीची कबुली आणि सर्वांत हलकी ठरली ती क्षमेची याचना. दादाच्या मेसेजमध्ये नेमकी याचना होती, कबुली नव्हती.

पण चाळणीत खाली काय उरलं तेही बघा. चौदा महिने न बोललेला माणूस सण गाठून बोलला. आमच्या घरातले पुरुष एरवी माफीच्या जागी आंब्याची पेटी पाठवतात. तेव्हा मेसेजमधलं “माफ कर” मी खरं धरलं, “मनाला लावून घेतेस” बाजूला ठेवलं. त्याची माफी दुरुस्त करून परत पाठवायची नाही, हे तिथेच ठरवलं. “आधी ‘असेल तर’ काढ” असं लिहिलं असतं तर पुढचा महिना व्याकरणावर भांडण्यात गेला असता.

बदल एकच मागा, डोळ्यांना दिसेल असा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. माझं पहिलं वाक्य होतं, “यापुढे माझा मान ठेव.” हे निरुपयोगी आहे. मान ठेवला की नाही हे कोण, कधी, कसं ठरवणार? स्वतःला विचारा: पुढच्या वेळी तोच प्रसंग आला तर मला त्याला नक्की काय करताना बघायचंय? माझं उत्तर होतं की, पैशांबद्दल शंका आली तर त्याने आधी मला फोन करावा, नातेवाइकांसमोर विषय काढू नये. हे त्याच्या हातात आहे, आणि पाळलं की नाही ते लगेच कळतं.

दुसरी गोष्ट भरपाईची. आरोप चारचौघांत झाला आणि माफी दोघांतच राहिली तर आत्याच्या मनात तो आरोप तसाच राहतो. म्हणून आत्या-काकांना त्याने स्वतः सांगावं, असं ठरवलं. एक बदल आणि एक भरपाई, याहून जास्त नको. बाबांच्या आजारपणात तो किती वेळा आला, हेही मला लिहायचं होतं. ते खोडलं, कारण माफी त्याबद्दल नव्हती.

लिहिताना ‘पण’ सांभाळा

“माफ केलं, पण…” असं वाचलं की माणूस पहिला अर्धा भाग विसरतो. तिथे पूर्णविराम द्या आणि पुढचं वाक्य नव्याने सुरू करा. “जाऊ दे” टाळा. त्याचा अर्थ काही झालंच नव्हतं असा होतो. धाकट्याने मोठ्याला “माफ केलं” म्हणणंही कानाला खटकतं. “तुझी माफी पोचली” हे मला बरं वाटलं. रविवारी हे पाठवलं:

“दादा, तू स्वतःहून लिहिलंस, बरं वाटलं. तुझी माफी मला पोचली आणि मी ती मनापासून घेते. मला लागलं ते वर्षश्राद्धाच्या पंगतीत आईच्या पेन्शनबद्दल तू जे म्हणालास ते. यापुढे पैशांबद्दल काही वाटलं तर आधी मला फोन कर, सगळ्यांसमोर नको. आत्या आणि काकांना तू एकदा सांग की ते तसं नव्हतं. आईचं पासबुक तू कधीही बघू शकतोस. तिळगूळ ठेवलाय, ये.”

क्रम बघा: आधी स्वीकार, मग घटना एका वाक्यात, मग मागणी, मग माझ्याकडून उघडलेलं दार. सासूबाईंसारख्या अहो-जाहोच्या नात्यात मागणीचं वाक्य “असं करूया का?” असं वळवा, मागणी मात्र पातळ करू नका.

उत्तर आल्यावर

बहुतेकदा खुलासा येतो. दादाचा आला: “मी इतकं कुठे म्हणालो होतो?” इथे साक्षीपुरावे काढले की माफी गेली आणि खटला सुरू झाला. मी लिहिलं, “ते आता उगाळायला नको. आत्याला फोन करशील ना?” तेवढंच, आणि थांबले.

माफी कशाच्या सोबत आली आहे तेही बघा. “झालं गेलं विसरू” आणि “हक्कसोडपत्रावर सही करायला ये” एकाच आठवड्यात आलं तर दोन्हींना वेगवेगळी उत्तरं द्या: माफीला आज, कागदाला वकिलाला दाखवल्यावर. आणि जिथे मारहाण किंवा धमकी आहे तिथे ही पद्धत वापरू नका. तिथे मेसेज लिहिण्याआधी स्वतःच्या सुरक्षिततेची सोय बघायची.

दादाने आत्याला फोन केला, पण तीन आठवड्यांनी. “मला सगळं माहीत नव्हतं,” असं म्हणाला म्हणे. मी मागितलं होतं त्याच्या निम्मंच. ते मी पूर्ण धरलं, कारण आत्याचा आवाज त्या दिवसापासून बदलला. फोन आधी मला करायचा, ही अट मात्र मी सोडली नव्हती. तिची परीक्षा नोव्हेंबरमध्ये झाली. आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायचं होतं. सकाळीच दादाचा फोन आला, “मी नेतो आईला. पासबुकही भरून आणू का?” मी म्हटलं, “आण. कपाटात डावीकडे आहे.”