गणपतीची मूर्ती आणि दुर्खाइम: पहिल्या वर्षाला ‘पवित्र–लौकिक’ शिकवताना

धर्माचे मानवशास्त्र नव्याने शिकवणारे बहुतेक जण पहिल्याच तासाला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमची १९१२ची व्याख्या फळ्यावर लिहितात: पवित्र म्हणजे वेगळ्या काढलेल्या, निषेधांनी वेढलेल्या गोष्टी, लौकिक म्हणजे उरलेले रोजचे जग. मुले ती उतरवून घेतात आणि मनात ‘पवित्र म्हणजे चांगले, दुसरे वाईट’ असा अर्थ लावून घरी जातात. एकदा बसलेला हा अर्थ सहज निघत नाही. म्हणून व्याख्या दुसऱ्या तासापर्यंत हातातच ठेवावी आणि सुरुवात गणपतीच्या मूर्तीपासून करावी.

फळ्यावर चार रकाने आखा: कारखाना, प्रतिष्ठापनेआधीचे घर, प्रतिष्ठापनेनंतर, उत्तरपूजेनंतर. प्रत्येक रकान्यात तीनच प्रश्नांची उत्तरे भरायची. मूर्तीला हात कोण लावू शकतो? काय करून लावायचा? नियम मोडला तर काय होते? कारखान्यात मूर्ती फळीवर ओळीने असते, तिच्या किमतीवर घासाघीस होते, सोंडेवरचा रंग पुन्हा मारून घेतला जातो. घरी आणताना चेहऱ्यावर रुमाल येतो. प्राणप्रतिष्ठा झाली की तीच माती जागची हलवायची नसते आणि तिच्यासमोर दोन वेळा आरती होते. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती किंचित सरकवली की ती उचलायला मोकळी होते.

आता विचारा, की माती तीच असताना बदलले काय. ‘मंत्र’ हे उत्तर येणारच. ते खोडू नका. कारखान्यात एकट्याने कोणी तोच मंत्र म्हटला तर बाकीचे त्या मूर्तीशी वेगळे वागतील का, एवढेच विचारा. पावित्र्य वस्तूच्या अंगचे नसून समूहाने तिच्यावर ठेवलेले असते, हा दुर्खाइमचा मुद्दा इथे मुलांच्याच तोंडून येतो. मग मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरुंटा लोकांचे चुरिंगा सांगा: लाकडाचे किंवा दगडाचे साधे तुकडे, पण गणचिन्ह कोरलेले असल्याने दीक्षा न झालेल्यांना वर्ज्य. दुर्खाइम स्वतः तिथे गेला नव्हता, इतरांच्या नोंदींवरून त्याने लिहिले, हेही त्याच वेळी सांगून टाकावे.

पुढचा अर्धा तास निर्माल्याला द्या. कालचे जास्वंद आज सुकलेले असते, तरी ते केराच्या टोपलीत जात नाही. पाय लागला तर लोक नमस्कार करतात. विसर्जनाच्या घाटावर निर्माल्यासाठी वेगळा कलश ठेवावा लागतो तो यामुळेच. पावित्र्य संसर्गाने पसरते आणि म्हणूनच निषेध लागतात, हे यातून आपोआप कळते.

इथवर सोपे असते. घोळ होतो तो सुतकाने. सुतक असलेल्या माणसाने मूर्तीला हात लावायचा नाही, म्हणजे तो ‘लौकिक’, असे मुले लिहितात. पण लौकिक माणूस आंघोळ करून पूजेला बसू शकतो. सुतकातला बसू शकत नाही, शिवाय त्याच्याकडचे अन्नही टाळले जाते. तोही वेगळाच काढलेला आहे, फक्त उलट्या बाजूने. दुर्खाइम पवित्राचे शुभ आणि अशुभ असे दोन प्रकार मानतो, ते इथे शिकवावे. पवित्र आणि लौकिक यांना तिसरा वर्ग मागाहून जोडण्यापेक्षा हे बरे. उत्तरपत्रिकेत ‘अपवित्र’ हा शब्द दिसला, की मुलाला लौकिक म्हणायचे आहे की अशुभ, ते समासात विचारा.

चर्चा ‘देव खरा की खोटा’ याकडे घसरली, तर पुन्हा त्या तीन प्रश्नांवर आणा. वर्गातल्या एखाद्या मुस्लिम किंवा ख्रिस्ती विद्यार्थ्याला ‘तुमच्यात काय असते’ असे उभे करून विचारू नये. कुराणाला हात लावण्याआधी हात-तोंड-पाय धुण्याचा विधी, म्हणजे वुजू, किंवा मिस्सेतल्या भाकरीचे उदाहरण शिक्षकानेच मांडावे. मासिक पाळी किंवा जातीचे अनुभव वर्गात जाहीर सांगायला तर मुळीच लावू नयेत.

शेवटचा तास महाडला. चवदार तळे म्हणजे देऊळ नव्हे, जनावरेही पाणी पीत असत असे साधे सार्वजनिक तळे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथले पाणी प्यायल्यावर सवर्णांनी पंचगव्याने त्याची ‘शुद्धी’ केली. दुर्खाइमच्या चौकटीत हे नीट बसत नाही. तळे त्याआधी पवित्र नव्हते, आणि ज्या ‘समूहा’ने रेषा आखली तो गावातला एक भागच होता, रेषेपलीकडच्यांना ती मान्य नव्हती. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डनेही आपल्या क्षेत्रकार्यात ही विभागणी कामाची वाटली नाही असे म्हटले होते, पण ते वाचण्याआधी मुलांना महाडवर अडखळू द्यावे.

समजले का, हे पाहायला अर्ध्या पानाचा एकच प्रश्न पुरतो: चतुर्थीनंतर कारखान्यात न विकलेली मूर्ती उरली, ती पुढच्या वर्षी विकता येते, पण तिच्यावर कोणी पाय देत नाही. ती कोणत्या रकान्यात बसते? ‘पवित्र’ किंवा ‘लौकिक’ एवढेच लिहिणाऱ्याला अर्धे गुण. रकान्यांमधली रेषा प्राणप्रतिष्ठेच्या आधीच पुसट असते, हे कारणासह लिहिणाऱ्याला पूर्ण.