लोप् की लोब्? मूळ शब्द ओळखण्याचे कोडे कसे सोडवावे

भाषाशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये अनोळखी भाषेचे थोडे शब्द देतात आणि त्यांतून नियम शोधायला सांगतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३ साली सुरू झाली. भारताचा संघ पाणिनी भाषाशास्त्र ऑलिम्पियाडमधून निवडला जातो. खालची भाषा मी या लेखासाठी बनवली आहे, पण कोड्याची घडण स्पर्धेतलीच आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक इथे मोजायचा नाही.

| अर्थ | एक | अनेक | ‘-मध्ये’ |
|---|---|---|---|
| होडी | लोप् | लोबू | लोप्तू |
| विहीर | सुप् | सुपू | सुप्तू |
| टोपली | नेत् | नेदी | नेत्ती |
| घरटे | मिक् | मिकी | मिक्ती |
| शेत | किर् | किरी | किर्दी |
| डबा | गोन् | गोनू | गोन्दू |
| रस्ता | सोर्तुक् | सोर्तुगू | सोर्तुक्तू |

आधी सोपे काम उरका. प्रत्ययाचा स्वर कुठे ‘ऊ’ तर कुठे ‘ई’ आहे. शब्दातला शेवटचा स्वर पाहा: ओ किंवा उ असेल तर ऊ, ए किंवा इ असेल तर ई. सातही शब्दांत हे जुळते, म्हणून स्वर बाजूला ठेवा आणि पुढे फक्त व्यंजनांकडे बघा.

आता खरी मेख. लोप्‌चे अनेकवचन लोबू होते. पहिला विचार येतो तो असा, की अनेकवचनात ‘प’चा ‘ब’ होतो. हा नियम वहीत लिहिण्याआधी त्याला मोडणारा शब्द शोधा. तो पुढच्याच ओळीत आहे: सुप्‌चे सुपू होते, सुबू नाही. दोन्ही शब्द एकवचनात ‘प’नेच संपतात आणि दोघांतही स्वर ओ-उ गटातलाच आहे, म्हणजे फरक ठरवणारे एकवचनात काहीच उरलेले नाही. मग दिशा उलटी करा. मूळ रूप लोब् आणि सुप् असे वेगवेगळे माना. ब, द, ग हे घोष वर्ण, म्हणजे उच्चारताना गळ्यात कंप होतो असे; प, त, क हे कंप नसलेले, म्हणजे अघोष. पुढे स्वर नसला की ब, द, ग यांचे अनुक्रमे प, त, क होतात. लोब्‌चे लोप् झाले, सुप् तसाच राहिला. नेद् आणि सोर्तुग् यांचेही हेच. र आणि न मात्र घोष असूनही बदलत नाहीत, तेव्हा नियम ब, द, ग यांच्यापुरताच ठेवा.

इथे एक सवय लावून घ्या. दोन रूपांपैकी एकात फरक दिसतो आणि दुसऱ्यात तो पुसला जातो, तेव्हा फरक दाखवणारे रूप मुळाच्या जवळचे धरा. एकवचन तक्त्यात पहिले छापले आहे म्हणून ते मूळ ठरत नाही. नवशिके सर्वांत जास्त इथेच अडकतात.

‘-मध्ये’चा प्रत्यय कुठे ‘त’ने सुरू होतो, कुठे ‘द’ने. र आणि न यांच्यानंतर ‘द’, अघोष व्यंजनानंतर ‘त’. मूळ कोणते? ‘त’ मूळ मानला तर ‘र’नंतर त्याचा ‘द’ होतो असे म्हणावे लागेल. पण सोर्तुक्‌च्या पोटात ‘र्त’ सुखाने बसला आहे. म्हणून ‘द’ मूळ धरणे सोपे: अघोष व्यंजनानंतर आला की त्याचा ‘त’ होतो. सोर्तुक् हा लांबलचक शब्द तक्त्यात आहे तो यासाठीच. वेगळा दिसणारा शब्द कोडे रचणारा सहसा उगाच घालत नाही.

नियम दोन झाले, आता क्रम ठरवा. लोब् + दू घ्या. प्रत्ययाचा नियम आधी लावला तर ‘ब’ अजून घोष आहे, म्हणून ‘द’ तसाच राहतो. मग ‘ब’चा ‘प’ होऊन लोप्दू मिळते, जे तक्त्यात नाही. आधी ‘ब’चा ‘प’ करा, मग ‘द’चा ‘त’: लोप्तू. उत्तरात हा क्रम लिहा.

पडताळा घेऊ. ‘तेगी’ म्हणजे ‘मासे’. तर ‘मासा’ आणि ‘माशामध्ये’ कसे म्हणाल? मूळ तेग्, म्हणून तेक् आणि तेक्ती. उलट, नुसते ‘रुत्’ देऊन अनेकवचन विचारले तर रुतू की रुदू हे सांगताच येणार नाही. असा प्रश्न आला तर दोन्ही शक्यता लिहा. एकच लिहिणे म्हणजे अंदाज.

ही गोष्ट कृत्रिम वाटत असेल तर आपली ‘किताब’ तुर्कीत पाहा. तिथे ती एकटी असताना ‘किताप’ होते, ‘-मध्ये’चा प्रत्यय लागला की ‘कितापता’, आणि पुढे स्वर आला की ‘ब’ परत येतो. ‘घरात’ मात्र ‘एवदे’, तिथे ‘द’ शाबूत. मराठी लेखनातही फूल आणि दूत सारखेच दीर्घ दिसतात, पण फुलाला आणि दूताला लिहिताना फरक उघडा पडतो.