सहकाऱ्याने मोठा क्लेम घेतला, आता माझं काय? ग्रुप मेडिक्लेममधल्या या चुका टाळा

"मॅडम, त्याने अकरा लाख उचलले म्हणे. मग आमच्यासाठी उरलं काय?"

हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. बहुतेक वेळा जिन्यात, हळू आवाजात. चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी एचआर बघते. ऐंशी कामगार-कर्मचारी, प्रत्येकाच्या कुटुंबाला तीन लाखांचं संरक्षण आणि वर दहा लाखांचा बफर. एवढीशी पॉलिसी, पण तिच्याबद्दलच्या गैरसमजांना अंत नाही. म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यांचा डबा एकच आहे असं समजणं

फ्लोटर म्हणजे एकच रक्कम अनेकांत वाटून वापरायची. पण कुणाकुणात, हे आधी बघा. नेहमीच्या ग्रुप पॉलिसीत तुमचे तीन लाख तुमच्या घरात फिरतात: तुम्ही, जोडीदार, मुलं, आणि घेतले असतील तर आई-वडील. सहकाऱ्याच्या घरी कितीही मोठं आजारपण आलं तरी तुमच्या तीन लाखांतला रुपया हलत नाही. ते कमी होतात ते तुमच्याच घरातून. मे महिन्यात आईच्या मोतीबिंदूला चाळीस हजार गेले, की उरलेल्या वर्षासाठी सहा जणांत मिळून दोन लाख साठ हजार. हे मात्र कुणी विचारायला येत नाही.

सगळ्यांची सामाईक रक्कम एकच, ती म्हणजे बफर. कुटुंबाचे तीन लाख संपले की त्यातून पुढचे पैसे मिळतात, आणि तो ऐंशी कुटुंबांत मिळून एकच असतो. जिन्यातला प्रश्न तिथे खरा ठरतो.

बफर आहे म्हणून निवांत राहणं

ही चूक आधी माझीच. पॉलिसी नवी होती, कोटेशनमध्ये 'कॉर्पोरेट बफर: 10 लाख' अशी एक ओळ होती, आणि मी ती नोटीस बोर्डावर मोठ्या अभिमानाने लावली. त्या ओळीत काय नव्हतं, हे मी विचारलंच नाही.

ऑगस्टमध्ये मशीन शॉपमधल्या एका मुलाच्या बायकोची मुदतीआधी प्रसूती झाली. जुळी, दोघंही नवजात अतिदक्षता विभागात. पॉलिसीत बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण होतं, ते नशीब. मान्य होण्याजोगं बिल अकरा लाखांपर्यंत गेलं. तीन लाख त्याच्या फ्लोटरमधून आणि आठ लाख बफरमधून. मुलं आज बालवाडीत जातात, त्यामुळे त्या पैशांबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही.

पण बफरमध्ये उरले दोन लाख, आणि आम्ही अजून ऑगस्टमध्येच होतो. डिसेंबरमध्ये स्टोअरमधल्या एका जुन्या माणसाच्या हृदयाची झडप बदलावी लागली. साडेसहा लाख. तीन त्याचे, दोन बफरचे, आणि दीड लाखाला बाकी शून्य. डिस्चार्जच्या दिवशी मी बिलिंग काउंटरवर त्याच्या मुलाशेजारी उभी होते. तो फोनवर मामाकडे पैसे मागत होता आणि मधेच माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, बोर्डावर तर दहा लाख लिहिलंय." उत्तर नव्हतं माझ्याकडे.

एका कुटुंबाला बफरमधून जास्तीत जास्त किती, ही मर्यादा पॉलिसीत असती तर दोघांचंही थोडं थोडं भागलं असतं. ती आम्ही पुढच्या वर्षी तीन लाखांवर आणली. त्यावर मतभेद होऊ शकतात, कारण मर्यादा असती तर जुळ्यांच्या बापाला पाच लाख कमी मिळाले असते. माझं मत ठाम आहे: ऐंशी घरांच्या बफरला मर्यादा हवीच.

तुम्ही नुसते कर्मचारी असाल तर एचआरला चार गोष्टी विचारा. बफर किती, आज त्यात शिल्लक किती, एका कुटुंबाला किती, आणि आई-वडिलांना तो लागू आहे का. बऱ्याच पॉलिसींत तो फक्त गंभीर आजारांसाठी असतो किंवा पालकांना नसतोच. आणखी एक. बफर आपोआप उघडत नाही. आपल्या कंपनीने टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला, मंजुरीचा मेल पाठवल्याशिवाय हॉस्पिटलला वाढीव कॅशलेस मिळत नाही. रविवारी रात्री एचआरचा फोन बंद असेल तर बफर असून नसल्यासारखा. म्हणून मी मंजुरी देणारी दोन नावं ठेवली आहेत, आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर बफरची शिल्लक पेन्सिलीने, तारखेसह. एक्सेल आहे हो, पण रात्री अकरा वाजता फोन आला की मला आठवतो तो कागद.

रिन्युअलचा आकडा ब्रोकरवर सोडून देणं

सहकाऱ्याचा क्लेम खरा लागतो तो पुढच्या एप्रिलमध्ये. तुमची स्वतःची वैयक्तिक पॉलिसी असेल तर तुम्ही क्लेम केला म्हणून विमा कंपनीला रिन्युअलला फक्त तुमचा हप्ता वाढवता येत नाही. ग्रुपमध्ये तसं नाही. तिथे दरच मुळी ग्रुपच्या क्लेमवर ठरतो: गेल्या वर्षी किती भरलं, किती घेतलं.

आमचंच उदाहरण. जीएसटी सोडून प्रीमियम सोळा लाख. जानेवारीअखेर, म्हणजे दहा महिन्यांत क्लेम बावीस लाख: जुळ्यांचे अकरा, झडपेचे पाच, बाकी सगळ्यांचे मिळून सहा. विमा कंपनीने सरळ हिशेब केला. दहा महिन्यांचे बावीस, तर बारा महिन्यांचे सव्वीस लाख चाळीस हजार. शंभर रुपये प्रीमियममधले ऐंशीच क्लेमला गेले पाहिजेत, असं त्यांचं गणित. म्हणून नवा प्रीमियम तेहेतीस लाख. दुपटीहून जास्त!

नव्या एचआरवाल्यांची घाई इथे नडते. "फक्त फायनल आकडा सांगा, साहेबांची सही घ्यायची आहे." अरे, आकडा कुठून आला ते तरी बघा.

मी टीपीएकडून क्लेमची यादी मागवली आणि एक दुपार तिच्यावर घालवली. दोन गोष्टी सापडल्या. एक, 'आउटस्टँडिंग', म्हणजे अजून द्यायचे बाकी म्हणून एक लाख ऐंशी हजारांची नोंद. एका कामगाराची एका हॉस्पिटलात प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेसची आगाऊ परवानगी, मंजूर झाली होती, पण तो तिथे दाखलच झाला नाही. दुसरीकडे गेला, आणि तिथला क्लेम यादीत वेगळा होताच. पहिली नोंद कुणी बंद केली नव्हती. ती काढायला लावली.

दुसरी गोष्ट जुळ्यांचे अकरा लाख. ते एकदाच घडलेलं आहे. उरलेल्या दोन महिन्यांत तसंच काही घडेल असं धरून तेही बारा महिन्यांवर ताणणं चूक आहे. अकरा तसेच ठेवायचे आणि उरलेल्या नऊ लाख वीस हजारांचंच बारा महिन्यांवर रूपांतर करायचं. ते होतात अकराच्या थोडे वर. एकूण बावीस. म्हणजे त्यांच्याच ऐंशी टक्क्यांच्या हिशेबाने साडेसत्तावीस लाख, तेहेतीस नव्हे.

शेवटी चोवीसवर तुटलं. पण फुकट नाही. पालकांच्या क्लेमवर दहा टक्के को-पे आला, म्हणजे तेवढा वाटा आपल्या खिशातून, आणि खोलीच्या भाड्याला दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली. ज्यांनी वर्षभर हॉस्पिटलचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांच्याही डोक्यावर हे बसलं. सहकाऱ्याचा क्लेम तुमच्या घरी येतो तो असा, आईच्या बिलावरच्या को-पेच्या ओळीत.

खोलीच्या मर्यादेला हलकं घेऊ नका. तीन हजारांची मर्यादा असताना पाच हजारांची खोली घेतली तर फरक फक्त दोन हजारांचा नसतो. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च असं बरंच काही त्याच प्रमाणात, साठ टक्केच, मिळू शकतं. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यातून सुटतात.

पालकांना काढून टाकण्याचा शॉर्टकट

प्रीमियम वाढला की कुणीतरी म्हणतंच, "ज्यांना हवं त्यांनीच आई-वडील ठेवावेत, पैसे पगारातून." ऐकायला न्याय्य वाटतं. मग ज्यांचे आई-वडील धडधाकट आहेत ते बाहेर पडतात आणि आजारी पालकांचेच तेवढे उरतात. पुढच्या वर्षी हप्ता आणखी वाढतो आणि आणखी काही जण बाहेर पडतात. आमच्याकडे आता नियम आहे: आत-बाहेर फक्त रिन्युअलला, आणि एकदा बाहेर पडलात की दोन वर्षं परत नाही. शिव्या मी खाते.

क्लेम घेणाऱ्याला बोल लावणं

करू नका, एवढंच. आणि एचआरनेही नावांसकट यादी मेलवर फिरवू नये.

आपल्या डोक्यावर दुसरं छप्पर न घेणं

बफर दुसऱ्याच्या आजारपणावर आणि अटी दुसऱ्याच्या क्लेमवर अवलंबून असतील, तर निदान एक सुपर टॉप-अप स्वतःच्या नावावर असावा. ग्रुपचे तीन लाख असतील तर डिडक्टिबलही तीन लाखांचं निवडा. वर्षातली बिलं तीन लाखांच्या वर गेली की पुढचे पैसे तिथून मिळतात, आणि ते तीन लाख ग्रुप पॉलिसीने भरले तरी चालतं. स्टोअरमधल्या त्या माणसाकडे असा टॉप-अप आधीपासून असता तर मामाला फोन करावा लागला नसता. फक्त हा टॉप-अप तब्येत बरी असतानाच घ्या. ग्रुपमध्ये जुन्या आजारांना सहसा पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. स्वतःच्या पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

बाकीच्या, पटापट

लग्न झालं किंवा बाळ झालं तर त्याच आठवड्यात कळवा. मुदत सहसा तीस दिवसांची असते, आणि विमा कंपनीकडे आमच्या कंपनीने आगाऊ भरून ठेवलेली रक्कम, म्हणजे सीडी शिल्लक, संपलेली असेल तर नाव चढायलाही वेळ लागतो.

नोकरी सोडताना शेवटच्या दिवसानंतर कार्ड चालेल असं धरू नका. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय असतो, पण अर्ज संरक्षण संपायच्या आधी करावा लागतो. एक जण मला राजीनाम्यानंतर तिसऱ्या आठवड्यात भेटायला आला होता, हातात बायकोच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन. मी टीपीएला फोन लावला. पलीकडच्या मुलीने कार्ड नंबर टाकला आणि म्हणाली, "मॅडम, हे तर सिस्टीममध्ये इनॅक्टिव्ह दिसतंय."